कमी सोडियमचे मीठ बाबांना चालेल का?

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात, क्रिएटिनिन १.८ आहे. घरात 'लो सोडियम' मीठ आणावे का?

उत्तर : बाबांसाठी आणू नका. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. सोडियम घटते, पोटॅशियम वाढते आणि दोन्हींमुळे रक्तदाब उतरतो. चीनमधील ६०० गावांत केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र गंभीर मूत्रपिंडविकाराचे रुग्ण त्यात घेतले नव्हते.

जादा पोटॅशियम मूत्रपिंड बाहेर टाकते. बाबांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम शरीरात अडवते. त्यात हे मीठ आले, तर पातळी चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अनेकदा आधी काहीच जाणवत नाही, रक्ततपासणीतच कळते. रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा पोटॅशियमचे औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये.

बाबांनी साधे आयोडीनयुक्त मीठच खावे, पण कमी. ताटातले वरचे मीठ, लोणचे, पापड आधी थांबवा. 'सैंधव' हा पर्याय नव्हे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.