मालकाला ट्रॅकर वाचायला शिकवणारं काम

“मुलगी बी.कॉम. झाली, कोडिंग येत नाही. आयटीत तिला कोण विचारणार?” मार्गदर्शनाला येणारे पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरच्या कामाबद्दल सांगते. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ग्राहक आणि प्रोग्रामर यांच्या मधला हा माणूस असतो. नवख्या कोऑर्डिनेटरचा बराच वेळ दर आठवड्याचा रिपोर्ट बनवण्यात जातो. पण रिपोर्टची वाट न पाहता कामाची स्थिती स्वतः बघायला ग्राहकाला शिकवणं हे त्याहून मोलाचं काम आहे, आणि ते कॉमर्सच्या मुलांना चांगलं जमतं. ते कसं करायचं, हे आज नीट सांगते.

ट्रॅकर म्हणजे कामांची नोंदवही. जिरा हा त्यातला सर्वांत परिचित. प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. काम काय, कोणाकडे आहे, कुठवर आलं आणि त्यावर कोण काय बोललं, हे सगळं त्या तिकिटावर दिसतं.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतले एक हळदीचे व्यापारी पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर करून घेत आहेत. पोत्याच्या वजनातून बारदानाचं वजन वजा करायचं, असं एक तिकीट आहे. मंगळवारी प्रोग्रामरने त्यावर लिहिलं, “बारदान प्रत्येक पोत्यामागे ठरावीक धरायचं, की दरवेळी प्रत्यक्ष वजन घ्यायचं?” याचं उत्तर फक्त शेठ देऊ शकतात. पण प्रोग्रामर तिकीट `In Progress` मध्येच ठेवून दुसऱ्या कामाला लागला. शनिवारी कोऑर्डिनेटरने रिपोर्टसाठी तिकिटं मोजली आणि लिहिलं, ‘वजनाचं काम चालू आहे.’ पुढच्या शनिवारीही तेच लिहिलं. शेठनी फोन करून कंपनीला फैलावर घेतलं, तेव्हा कळलं की अकरा दिवस काम त्यांच्याच एका वाक्यासाठी थांबलं होतं. रिपोर्ट तिकिटावरच्या टप्प्याशी जुळत होता, पण काम का अडलंय हे तिकिटांच्या आकड्यांत दिसत नाही. ते तिकिटावरच्या शेवटच्या नोंदीत दिसतं.

आता शिकवायचं कसं? पेढीवर गर्दी नसेल अशी वेळ निवडा आणि शेठच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर शिकवा. तुमच्या लॅपटॉपवर दाखवलं तर उद्या त्यांना काहीच सापडत नाही. पूर्ण बोर्ड उघडू नका, चाळीस तिकिटं एकदम पाहून माणूस बिचकतो. त्यांनी स्वतः मागितलेलं एकच काम उघडा आणि चारच गोष्टी शोधायला लावा: काम आता कोणत्या टप्प्यावर आहे, कोणाच्या नावावर आहे, त्या टप्प्यावर कधीपासून आहे, आणि शेवटची नोंद काय आहे. शेवटची नोंद त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. बारदानाचा प्रश्न वाचताच शेठ तिथल्या तिथे उत्तर देतील. मग तेच उत्तर त्यांच्याच बोटांनी तिकिटावर लिहून घ्या. शिकवणीतली मुख्य पायरी हीच आहे.

टप्प्यांची इंग्रजी नावं पाठ करून घेऊ नका, पेढीच्या भाषेत सांगा. `To Do` म्हणजे मागणी वहीत चढली. `In Progress` म्हणजे माल बांधायला घेतला. `In Review` म्हणजे बांधलेला माल दुसरा माणूस तपासतोय. `Done` या शब्दापाशी मात्र थांबा. काही टीममध्ये `Done` म्हणजे प्रोग्रामरचं काम संपलं एवढंच, दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते आलंय असं नाही. शेठ `Done` वाचतात, बिल काढायला जातात, जुनंच बिल निघतं, आणि त्यांचा ट्रॅकरवरचा विश्वास उडतो. म्हणून शिकवण्याआधी आपल्या टीमला `Done` चा अर्थ विचारा. प्रत्यक्ष पोचलेल्या कामासाठी वेगळा टप्पा नसेल, तर तो करून घ्या.

त्यानंतर शेठसाठी दोन फिल्टर जतन करून द्या. पहिला त्यांच्या उत्तरासाठी थांबलेल्या कामांचा, आणि त्यासाठी `Waiting for Owner` असा टप्पा टीमशी बोलून आधी तयार करावा लागतो. दुसरा पाच दिवसांत टप्पा न बदललेल्या कामांचा:

```
status = "Waiting for Owner"
```

```
statusCategory = "In Progress"
AND NOT status CHANGED AFTER -5d
```

हे शेठना लिहायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. त्यांनी फक्त फिल्टरच्या नावावर बोट ठेवायचं. दुसऱ्या फिल्टरसाठी `updated` ही तारीख वापरायचा मोह होतो, पण साधी टिप्पणी केली तरी ती तारीख बदलते आणि अडलेलं काम ताजं दिसू लागतं. कोणी विद्यार्थी मुलाखतीत एवढं समजावून सांगू शकला, तर त्याने हे काम हाताने केलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

यात बिघडतंही. शेठ तिकिटं मोजू लागतात: गेल्या महिन्यात वीस होती, आता तीस कशी? एका मोठ्या कामाची चार तिकिटं केली तरी संख्या वाढते, हे पहिल्याच दिवशी दाखवा. दुसरा धोका जास्त गंभीर. तिकिटावर नाव दिसतं म्हणून शेठ थेट त्या प्रोग्रामरला फोन करतात. दोन-तीनदा असं झालं की मुलं तिकिटावर खरं लिहिणं सोडतात आणि बोलणं व्हॉट्सॲपवर जातं. याची खूण `History` मध्ये सापडते: आठवडाभर सामसूम आणि शुक्रवारी संध्याकाळी दहा मिनिटांत सगळी तिकिटं एकदम पुढे सरकलेली. असं दिसलं तर तो ट्रॅकर रिपोर्टइतकाच शिळा झाला म्हणून समजा. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या की शेठनी जे विचारायचं ते तिकिटावर लिहायचं. त्यांना वाचायचा आणि टिप्पणी लिहायचा अधिकार द्या, पण टप्पा आणि प्राधान्य बदलायचा नको, नाहीतर चार दिवसांत प्रत्येक काम `Highest` होतं.

पालक इथे विचारतात, मालक स्वतःच वाचू लागला तर आमच्या मुलीची गरज काय उरली? रिपोर्ट टाइप करण्याचं काम खरोखरच कमी होतं, ते मी लपवत नाही. पण खर्च किती वाढेल, कोणतं काम मागे ठेवायचं, दिवाळीआधी काय पोचेल, हे तिकिटावर नसतं. आधी शनिवारचा दिवस आकडे जमवण्यात जायचा, तो आता या प्रश्नांवर शेठशी बोलण्यात जातो. त्या बोलण्यातून धंदा समजू लागतो आणि पुढे बिझनेस ॲनालिस्टच्या कामाकडे जाता येतं.

सरावासाठी क्लासची फी भरायची गरज नाही. मोझिलाचा बगझिला आणि अपाचे फाउंडेशनचा जिरा कोणालाही वाचता येतात. रोज एक तिकीट उघडा आणि ते काम कुठे अडलंय हे आईला दोन मिनिटांत मराठीत सांगा. दहा माणसांपर्यंत जिरा फुकट वापरता येतो, त्यात ओळखीच्या एखाद्या दुकानाची कामं भरा. महिनाभराने दुकानदाराच्या हातात फोन द्या आणि कोणतं काम त्यांच्यामुळे थांबलंय ते शोधायला सांगा. ते शोधत असताना तुमचे हात पाठीमागे ठेवा. बोट कुठे अडखळतं ते लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात नेमकं तेवढंच पुन्हा शिकवा.