उभे मथळे, अरुंद रकाने

साध्या दोलकाच्या प्रयोगाचा तक्ता संगणकावर एक्सेलमध्ये मांडायचा आहे, असे समजा. रकाने आठ: गोळा, लांबी, २० दोलनांना लागलेल्या वेळेची दोन निरीक्षणे, त्यांची सरासरी, दोलनकाल T, त्याचा वर्ग T² आणि शेवटी L/T². आकडे पाहाल तर चार-पाच अंकांचे. पण मथळा मात्र ‘२० दोलनांना लागलेला वेळ, पहिले निरीक्षण (सेकंद)’ एवढा लांब!

मग एकक मथळ्यात न घालता प्रत्येक आकड्यापुढे का लिहू नये? कारण 35.8 से. असे लिहिले की संगणक त्याला संख्या न मानता शब्द मानतो व बेरजेत धरत नाही. ही चूक डोळ्यांनी ओळखता येते. मांडणीला हात लावलेला नसेल, तर एक्सेल संख्या घराच्या उजव्या कडेला आणि शब्द डाव्या कडेला ठेवते. म्हणून आधी सगळी निरीक्षणे भरा. उजव्या रांगेत एखादा आकडा डावीकडे बसलेला दिसला, तर तो तपासा. मांडणी नंतर करा. आधीच केलीत तर ही खूण नाहीशी होते.

आता मथळे उभे करू. मथळ्यांची ओळ निवडून `Ctrl+1` दाबा, `Alignment` हे पान उघडा आणि `Orientation` मध्ये ९० अंश द्या. अक्षरे खालून वर जातील. त्याच पानावर अक्षरे एकाखाली एक रचणारी उभी पट्टी आहे. ती मराठीसाठी वापरू नका, तिने शिरोरेषा तुटते. `Horizontal` ला `Center` आणि `Vertical` ला `Bottom` ठेवा, म्हणजे प्रत्येक मथळा आपल्या आकड्यांच्या लगेच वरून सुरू होईल. लांब मथळ्यात स्वल्पविरामानंतर `Alt+Enter` दाबून दोन ओळी करा. ओळीची उंची १४० पॉइंट, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर, पुरावी. रकान्यांची रुंदी ७ ठेवली, तर आठही रकाने मिळून साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास होतात व उभ्या कागदावर सहज मावतात.

४५ अंशांचा तिरका मथळा वाचायला सोपा, हे खरे. पण त्याबरोबर घराच्या रेघाही तिरप्या होतात आणि शेवटचा मथळा तक्त्याच्या बाहेर उजवीकडे झुकतो. छापण्याआधी तो कापला जात नाही ना, हे पाहावे. मला स्वतःला ९० अंशच बरे वाटतात. मान थोडी वाकवावी लागते, इतकेच.

रकाना अरुंद करताना खरा धोका आकड्यांना असतो. आपल्या तक्त्यातील एक ओळ घ्या. लांबी ८० सेंमी, वेळ ३५.८ व ३६.० सेकंद, सरासरी ३५.९०, म्हणून T = १.७९५ सेकंद आणि T² = ३.२२२०२५. या घराला आपण कोणतेही स्वरूप दिलेले नसेल, तर रकाना आवळताच एक्सेल आकडा गुपचूप पूर्णांकित करून दाखवते: ३.२२, आणखी आवळला तर ३.२. संगणकाच्या पोटात पूर्ण संख्या शाबूत असते. पण वहीत उतरवणारा ३.२ च उतरवणार! त्यावरून L/T² = २५.० येते आणि गुरुत्वत्वरण, म्हणजे याची ४π² पट, ९८७ सेंमी/सेकंद². खरे उत्तर या निरीक्षणांवरून ९८० आहे. सातचा फरक प्रयोगातून आला नाही, रकान्याच्या रुंदीतून आला.

यावर उपाय सोपा आहे. रकाना आवळण्यापूर्वी `Number` या पानावर दशांश स्थळे ठरवा: वेळेच्या सरासरीला दोन, T व T² यांना तीन. मग जागा अपुरी पडली की एक्सेल आकडा न बदलता `####` दाखवते. तसे दिसले तर रुंदी एकाने वाढवा.

उभ्या मथळ्याखाली संख्या मधोमध ठेवण्याचा मोह होतो. लांबीच्या रकान्यात ८० आणि १०० मधोमध ठेवून पाहा. एककाखाली एकक येत नाही. त्याऐवजी `Right (Indent)` निवडून `Indent` ला १ द्या. आकडे उजव्या रेघेपासून जरा आत सरकतात आणि दशांशचिन्हे एका रेषेत राहतात. पहिल्या रकान्यातील ‘पितळ’, ‘लोखंड’ ही नावेही `Left (Indent)` नेच आत घ्या. स्पेस दाबून सरकवलेत, तर त्या मोकळ्या जागा नावाचाच भाग होतात आणि पुढे ‘पितळ’ शोधणाऱ्या सूत्राला ते घर सापडत नाही.