कर्नाळा आधी की कामोठे? जोडाक्षरांचा शब्दकोशातील क्रम



शब्दकोशात 'प्रकाश' शोधायला सांगितलं की बरीच मुलं 'पर' पासून सुरू होणारे शब्द चाळतात आणि "सर, हा शब्द यात नाहीच" म्हणतात. शब्द असतो, पण पानं बरीच उलटल्यावर. असं का होतं ते पाहू.

मुलांना बाराखडी येते : प, पा, पि, पी... पो, पौ, पं, पः. शब्दकोशात याच क्रमाने जायचं. ही सगळी बाराखडी संपल्यावर पाय मोडलेला प्, म्हणजे जोडाक्षराचा प् येतो. म्हणून 'पौर्णिमा'सुद्धा 'प्रकाश'च्या आधी.

आता जोडाक्षर फोडायची सवय लावा. प्रकाश = प् + र + का + श. इथे पहिलंच अक्षर पाय मोडलेलं आहे, म्हणून शब्द 'प'च्या अगदी शेवटी. पर्वत = प + र् + व + त. इथे पहिला प पूर्ण आहे, पाय मोडला आहे तो र चा. रफार वर दिसतो व च्या डोक्यावर, पण उच्चारात तो व च्या आधी येतो. म्हणून 'पर्वत' हा परत, परात, परीक्षा, परोपकार यांच्या नंतर, पण 'पाणी'च्या आधी. दोन्ही शब्दांत प आणि र आहेत, तरी जागा दूरदूर!

आपल्या परिसरातली गावं घेऊन सराव करा : कामोठे, कर्नाळा, करंजाडे, कळंबोली, कर्जत.

कामोठे सोडून सगळ्यांचं पहिलं अक्षर साधं क, म्हणून कामोठे शेवटी. दुसऱ्या अक्षरात र हा ळ च्या आधी, म्हणून कळंबोली चौथं. उरलेल्या तिघांत 'रं' बाराखडीतला, म्हणून करंजाडे पहिलं. कर्जत आणि कर्नाळा दोन्हींत र्, मग पुढचं अक्षर बघा : ज आधी, न नंतर. उत्तर : करंजाडे, कर्जत, कर्नाळा, कळंबोली, कामोठे. असंच पनवेल, पेण, प्रबळगड, पळस्पे लावून घ्या. (उत्तर : पनवेल, पळस्पे, पेण, प्रबळगड.)

दोन ठिकाणी जपा. 'कृपा'मधला कृ हे जोडाक्षर नाही, ती ऋ ची मात्रा आहे. म्हणून कृपा ही 'केळ'च्या आधी आणि 'क्रम' पार शेवटी. दुसरं म्हणजे क्ष आणि ज्ञ. काही कोशांत क्ष हा क च्या पोटात क् + ष म्हणून मिळतो, तर काहींत अगदी शेवटी वेगळा. अनुस्वाराची जागाही सगळीकडे एकच नसते. म्हणून नवा कोश हाती आला की आधी 'क्षमा' आणि 'कंबर' कुठे आहेत ते मुलांना शोधायला लावा. त्या कोशाची पद्धत लगेच कळते.

आणि हो, 'विद्या' लिहा किंवा हलन्त दाखवून 'विद्‌या' लिहा, कोशातली जागा एकच. फोड केली की दोन्हींत द् + या हेच निघतं.