बेरीज जुळते, खण जुळत नाहीत

गोदामातील एकूण शिल्लक दप्तराशी जुळली म्हणजे कारभार चोख आहे, असा निर्वाळा देण्याची घाई अंतर्गत लेखापरीक्षणात पुष्कळदा होते. अशा निर्वाळ्यावर किती विसंबावे, याचा विचार करायला लावणारा अनुभव मला चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील सुट्या भागांच्या एका गोदामात आला. तेथे चक्रीय मोजणी, म्हणजे वर्षअखेरीस सगळा माल एकदम न मोजता रोज थोडे थोडे खण मोजीत जाण्याची पद्धत, रीतसर अंमलात होती आणि दरमहाच्या अहवालात तफावत जवळजवळ शून्य दिसे; परंतु त्याच वेळी, दप्तरी शिलकीत असलेला माल मागूनही मिळत नाही, अशी कारखान्याची तक्रार वारंवार येत होती.

त्यातले एकच प्रकरण विस्ताराने सांगतो. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचे दोन प्रकार तेथे ठेवलेले असत, एक पत्र्याच्या झाकणीचा आणि दुसरा रबरी सीलचा. बाहेरचे माप दोहोंचे एकच, त्यामुळे चिठ्ठी न वाचता बंद खोक्यावरून भेद कळणे कठीण. पुरवठादाराच्या चलनावर पत्र्याचे २०० नग व रबरी १२० नग लिहिलेले होते. प्रत्येक खोक्यात ४० नग, म्हणून एकूण ८ खोकी उतरली, कारकुनाने ८ खोकी मोजली आणि चलनावरचे आकडे जसेच्या तसे आवक-पावतीत चढवले. प्रत्यक्षात पुरवठादाराकडून पत्र्याच्या एका खोक्याऐवजी रबरी मालाचे खोके आले होते. माल लावणाऱ्या कामगाराने खोक्यावरची चिठ्ठी वाचून प्रत्येक खोके योग्य खणात ठेवले, आणि त्यामुळे दोन्ही खणांत १६० नग झाले. दप्तरात मात्र २०० व १२० च राहिले.

आता मोजणीकडे पाहावे. मोजणीच्या तक्त्यावर दप्तरी शिल्लक आधीच छापलेली असे, आणि समोर २०० चा आकडा दिसत असता दिवसभर मांडण्यांमधून हिंडून थकलेला मनुष्य उंचावरच्या खणातली खोकी उतरवून मोजण्याऐवजी तोच आकडा लिहून मोकळा होतो, यात अप्रामाणिकपणापेक्षा पद्धतीचा दोष अधिक आहे. पुढे कोणी खरोखर मोजले, तेव्हाही अहवालात ४० उणे आणि ४० अधिक यांची वजावट होऊन बाकी शून्य उरली. दोन खणांपैकी दोन्ही चुकलेले, ८० नगांची खरी तफावत, आणि कागदावर निर्दोषत्व! वैधानिक लेखापरीक्षकांकडूनही येथे उपाय व्हायचा नाही, कारण २०२० च्या कंपनी लेखापरीक्षक अहवाल आदेशात साठ्याच्या प्रत्येक वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली काय, हे विचारलेले आहे. खणाखणांतील गोंधळ त्या चाळणीतून सहज निसटतो.

म्हणून माझे सांगणे असे की, अचूकतेचे माप खणांच्या संख्येवर धरावे. त्या गोदामात आम्ही २५ खण दप्तरातून निवडून जागेवर जाऊन पाहिले आणि २५ खण जागेवर निवडून त्यांची दप्तराशी रुजुवात घातली. पहिल्या दिशेने तूट सापडते, दुसऱ्या दिशेने नोंदच नसलेला माल सापडतो, आणि म्हणून एकीवर भागत नाही. ५० पैकी ४१ खण जिन्नस, नग आणि जागा या तिन्ही बाबतींत जुळले, म्हणजे अचूकता ८२ टक्के. उरलेल्यांत बरेच खण असे होते की, मालाची मांडणी सकाळीच झालेली, पण नोंद पाळी संपताना होणार. यास्तव मोजणीपूर्वी शेवटच्या आवक-पावतीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि आवक-फलाटावर पडून असलेल्या मालाचा हिशेब वेगळा धरावा, म्हणजे वेळेची तफावत आणि खरी तफावत यांची गल्लत होत नाही.

मोजणीचा तक्ता शिलकीच्या आकड्याविना छापावा. किंमती व वेगाने हलणारे जिन्नस वर्षातून चारदा, मध्यम दोनदा आणि उरलेले एकदा, असा क्रम धरला, तर ३००, ५०० व १२०० जिन्नसांसाठी वर्षाला ३४०० मोजण्या होतात, म्हणजे ३०० कामाच्या दिवसांत रोज अकरा-बारा; एवढे काम दोन माणसांना जड नाही. सगळ्यांत महत्त्वाचे हे की, तफावत दिसताच दप्तर दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. आधी आवक-पावती, चलन व मांडणीची नोंद यांचा माग काढावा, कारण लिहावे, आणि मगच, मोजणाऱ्याहून भिन्न अधिकाऱ्याच्या सहीने, दुरुस्ती करावी. वरील प्रकरणात नुसती दुरुस्ती झाली असती, तर आकडे सरळ झाले असते, पण चुकीचा माल पाठवणाऱ्या पुरवठादाराला विचारणा झाली नसती आणि खोके न उघडता पावती करण्याचा प्रघात तसाच चालू राहिला असता.

तेव्हा या कामास लागलेल्या तरुण तपासनिसांना माझी विनंती आहे: प्रत्येक आवकीतील निदान एक खोके आपल्यासमोर उघडायला लावा, आणि अहवालात निव्वळ तफावतीशेजारी अधिक व उणे यांची वजावट न केलेली एकूण तफावतही अवश्य लिहा.