ताऱ्यांचा आलेख वाचताना : कृत्तिका, हायडीज आणि रोहिणी



ताऱ्यांची तेजस्विता आणि तापमान दाखवणारा आलेख तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्याला हर्ट्झस्प्रुंग-रसेल आलेख म्हणतात. मी तो फळ्यावर काढला तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारा ठिपक्यांचा पट्टा बघून एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे तारा वर जन्मतो आणि घसरत घसरत खाली येऊन विझतो ना?"

उत्तर चुकीचं आहे, पण तिला हसू नका. खुद्द रसेल यांनाही सुरुवातीला असंच वाटत होतं की तारे या पट्ट्यावरून थंड होत खाली सरकतात.

आधी अक्ष नीट बघू. उभ्या अक्षावर तेजस्विता, म्हणजे तारा प्रत्यक्षात किती प्रकाश देतो ते. इथे सूर्य म्हणजे 1, आणि एकेक घर वर गेलं की दहापट. आडव्या अक्षावर तापमान, पण उलटं! तापलेले निळे तारे डावीकडे, थंड तांबडे उजवीकडे. मुलं इथेच फसतात, म्हणून मी डावीकडे निळा आणि उजवीकडे तांबडा खडू वापरतो.

आता तो पट्टा, म्हणजे मुख्य क्रम. जत्रेतल्या गर्दीचा एक फोटो काढला तर त्यात लहान-मोठे सगळे दिसतात, पण कोण कुठून चालत आला ते दिसत नाही. आलेखही तसाच एका क्षणाचा फोटो आहे. पट्ट्यावर तारा कुठे बसणार हे मुख्यतः त्याच्या वस्तुमानावर ठरतं. जड तारे वर डावीकडे, हलके खाली उजवीकडे. केंद्रात हायड्रोजन जळत आहे तोवर तारा जवळपास आपल्याच जागी असतो. सूर्याचा हा काळ सुमारे 1000 कोटी वर्षांचा.

मग आयुष्याच्या अवस्था कशा कळणार? त्यासाठी तारकागुच्छ घ्यायचा. गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. फरक उरतो तो वस्तुमानाचा. डॅनिश शास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांनी 1911 साली असे आलेख छापले ते कृत्तिका आणि हायडीज या गुच्छांचे. हे दोन्ही हिवाळ्यात संध्याकाळी आपल्या अंगणातून दिसतात. कृत्तिका म्हणजे तो छोटा पुंजका, आणि हायडीज म्हणजे रोहिणीजवळचा इंग्रजी 'व्ही' आकार.

दोन्ही आलेख शेजारी ठेवा. कृत्तिकांचा पट्टा डावीकडे बराच वर जातो. तिथले ठळक निळसर तारे 12-13 हजार केल्विनचे आहेत. हायडीजचा पट्टा मात्र साधारण 8 हजार केल्विनलाच संपतो. वरचं टोक जणू कापलेलं. पण उजवीकडे वर चार नारिंगी ठिपके वेगळे दिसतात.

टोकाचे तारे गेले कुठे? जड ताऱ्याकडे इंधन जास्त, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त. सूर्याच्या दुप्पट वस्तुमान असेल तर खर्च साधारण दहा-अकरापट, म्हणून आयुष्य सूर्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. मोठा पगार, पण उधळपट्टी भारी, तसं! म्हणून पट्टा वरून रिकामा होत जातो. तो जिथे तुटतो तिथून गुच्छाचं वय काढता येतं. कृत्तिकांचं सुमारे 10 कोटी वर्षं, हायडीजचं 60 कोटींच्या वर.

ते चार नारिंगी तारे पट्टा सोडून फुगलेले राक्षसी तारे आहेत. त्याहून जड भावंडं ही अवस्थाही ओलांडून गेली. त्यांतल्या काहींचे उरलेले गाभे, म्हणजे श्वेत बटू, हायडीजमध्ये सापडले आहेत. आलेखात ते खाली डावीकडे येतात, कारण तापमान भरपूर पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा.

"फुगलेला" हे आलेखावरून कसं कळतं? रोहिणी ताऱ्यावर करून बघू. तिचं तापमान सुमारे 3900 केल्विन, सूर्याचं 5800. तापमान कमी, म्हणून रोहिणीचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या फक्त पाचवा हिस्सा प्रकाश देतो. तरी एकूण प्रकाश सूर्याच्या सुमारे 400 पट! म्हणजे पृष्ठभाग 400 × 5 = 2000 पट हवा. 2000 चं वर्गमूळ साधारण 45, म्हणून रोहिणीची त्रिज्या सूर्याच्या जवळपास 45 पट. सातवीच्या मुलांना हे गणित जमतं.

फक्त एक सांभाळा. रोहिणी त्या 'व्ही'च्या टोकावर दिसते म्हणून मुलं तिला हायडीजच्या आलेखात टाकतात. ती त्या गुच्छातली नाही. हायडीज सुमारे 150 प्रकाशवर्षं लांब, रोहिणी फक्त 65, आणि तिची आकाशातली गतीही गुच्छाबरोबरची नाही. तिला 150 वर धरलं तर तेजस्विता पाचपट फुगते, 400 ऐवजी 2000 सूर्य येतात, आणि ठिपका इतर चार राक्षसी ताऱ्यांच्या खूप वर एकटाच जाऊन बसतो. असा एकटा ठिपका वहीत दिसला की आधी अंतर तपासायला लावा.