दोहा : तेरा-अकराचा तोल आणि शेवटची शिकवण

दोहा तुम्हाला हिंदीच्या पुस्तकात कबीर आणि रहीम यांच्यामुळे भेटलेला असतो. आपल्या पुण्याजवळच्या देहूच्या तुकोबांच्या गाथेतही हिंदी दोहरे आहेत. पण मराठीत स्वतः दोहा लिहायचा म्हटलं की वर्गात सगळे मात्रा मोजत बसतात आणि शेवट बिघडतो. म्हणून आज शेवटाकडेच जास्त बघू.

आधी मोजमाप. दोह्यात दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळ मध्ये थोडी थांबते. थांबण्याआधी १३ मात्रा, नंतर ११. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ए, ऐ, ओ, औ आणि अनुस्वार असलेलं अक्षर दीर्घच धरायचं. जोडाक्षराचा जोर मागच्या अक्षरावर पडला तर तेही दोन मात्रांचं होतं, जसा 'सर्व' मधला 'स'. 'तुम्ही' म्हणताना 'तु' वर असा जोर येत नाही, म्हणून त्याची एकच मात्रा. ११ मात्रांच्या भागाचा शेवट मात्र ठरलेला आहे : आधी दीर्घ, मग ऱ्हस्व. 'कान', 'वाट', 'काम' असे शब्द. दोन्ही ओळींच्या शेवटी यमक हवं.

आता वर्गात लिहिलेला एक दोहा बघा. विषय होता गळका नळ.

थेंब थेंब पाणी गळे, कोणी बघत नाही
सर्वांनी पाणी जपा, विसरू नका कधीही

पहिला भाग मोजा. थेंब ३, थेंब ३, पाणी ४, गळे ३. झाले १३. छान. 'कोणी बघत नाही' च्या मात्राही बरोबर ११ आहेत, पण शेवट 'नाही', म्हणजे दोन्ही अक्षरं दीर्घ. मोठ्याने म्हणून बघा, ओळ टेकतच नाही, पुढे लोंबकळत राहते. मराठीत ही अडचण फार येते, कारण आपली बरीच क्रियापदं 'जाते, होतो, नाही' अशी दीर्घावर संपतात. मग शेवटी नाम आणायचं, नाहीतर 'जाण', 'सोड', 'ठेव' असं आज्ञेचं रूप. आज्ञा मापात चटकन बसते, पण मग दोहा सारखा हुकूम सोडत बसतो! मी तरी मुलांना आधी नाम शोधायला सांगते. आपण 'कान' घेऊ.

कोणी दे ना कान : ४, २, २, ३. बरोबर ११.

दुसऱ्या ओळीचा शेवटचा भाग मोजला तर १२ मात्रा भरतात (विसरू ४, नका ३, कधीही ५), पण खरी चूक ती नाही. 'सर्वांनी पाणी जपा' ही सोसायटीच्या फलकावरची सूचना झाली. पहिल्या ओळीतला नळ दुसऱ्या ओळीत कुठे गेला? शिकवण चित्रातून निघायला हवी. म्हणून मी मुलांना विचारलं, "नळ रात्रभर गळला, मग सकाळी काय झालं?" उत्तर आलं, "टाकी रिकामी, बाई. प्यायलाही पाणी नाही." झालं, चित्र मिळालं : पेला हाती कोरडा. पेला ४, हाती ४, कोरडा ५, म्हणजे १३.

उरल्या ११ मात्रा. 'कान' शी जुळणारे शब्द फळ्यावर लिहिले : पान, रान, छान, मान, भान. 'भान' वर सगळे थांबले.

थेंब थेंब पाणी गळे, कोणी दे ना कान
पेला हाती कोरडा, तेव्हा येते भान

इथे 'पाणी वाचवा' हे शब्द कुठेच नाहीत, तरी ऐकणाऱ्याला ते कळतं. तुमचा दोहा तपासायचा असेल तर शेवटच्या ११ मात्रा झाकून बाकीचा मित्राला वाचायला द्या. त्याने शेवट लगेच ओळखला, तर शिकवण आधीच सांगून झालीय. आणि शेवट वाचून तो "असं कसं?" म्हणाला, तर शिकवण चित्राशी जुळलेली नाही.

आता तुमची पाळी. तीन भाग मी देते, चौथा तुम्ही लिहा :

सिग्नल तोडुन काढली, त्याने अपुली वाट
दुसऱ्या चौकी भेटला, ...

('तोडून' चं 'तोडुन' मात्रेसाठी केलंय, कवितेत एवढी सूट चालते. 'दुसऱ्या' च्या चारच मात्रा धरा, 'स' वर जोर येत नाही.) आमच्या वर्गात आधी 'नियम पाळा' च्याच ओळी आल्या. मग रोज लक्ष्मी रोडवरून शाळेत येणाऱ्या एका मुलीने लिहिलं : गर्दी तितकी दाट. मोजून बघा, ११ आहेत. यापेक्षा वेगळा शेवट सुचला तर वहीत लिहून ठेवा.