कौतुक कुठे अडतं ते बघ

जामखेड

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वर्गात सरांनी ज्या कवितेला उपरोधिक म्हटलं, ती तुला सरळसरळ कौतुकाची वाटली आणि आता रसग्रहणात काय लिहावं ते कळत नाही, असं तू लिहिलंस. ‘मामा, कवी एक बोलतो आणि त्याच्या मनात दुसरंच असतं, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कशावरून?’ हा तुझा प्रश्न योग्य आहे. सरांनी सांगितलं म्हणून उपरोध, असं लिहू नकोस. खूण कवितेतच असते आणि ती तुला बोटानं दाखवता आली पाहिजे.

छापील कवितेतली ओळ घेतली की तू तिच्यावरची मार्गदर्शकं उघडशील, म्हणून या पत्रापुरत्या चार ओळी मीच रचल्या आहेत.

साहेबांची माया मोठी, गाव कधी ना विसरती;
टँकर येता वेशीपाशी हार तयाला घालिती;
फोटो होता पुढल्या गावी भरला तैसा धाडिती,
थेंब न सांडो वाटेवरती, किती काळजी वाहती!

बोलणारा गावातलाच कुणी आहे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तो साहेबांची स्तुती करतो. एकही वाकडा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. घाईनं वाचलं तर खरंच वाटेल की टंचाईच्या दिवसांत साहेबांनी गावाची कदर केली.

आता पेन्सिल घे आणि शब्दांचे दोन गट पाड. बोलणाऱ्यानं दिलेले शेरे एकीकडे: ‘माया मोठी’, ‘कधी ना विसरती’, ‘किती काळजी’. घडलेल्या गोष्टी दुसरीकडे: टँकर वेशीपाशी आला, त्याला हार घातला, फोटो झाला, टँकर भरलेलाच पुढे गेला. शेरे झाकून नुसत्या घटना वाच. पाणी कुठे उतरलं? कुठेच नाही. हंडा नाही, रांग नाही, पाणी घेणारं माणूसच नाही. हार माणसाला नाही, टँकरला घातला आहे. आता झाकलेले शेरे पुन्हा उघड आणि विचार, एवढ्या घटना पाहून कुणी शहाणा माणूस ‘माया’ म्हणेल का? म्हणणार नाही. शब्दाचा नेहमीचा अर्थ जिथे पुढे सरकत नाही, तिथे तू थांबायचं. आपल्या साहित्यशास्त्रात याला मुख्यार्थबाध म्हणतात. पाठ करायला शब्द अवघड वाटेल, पण क्रिया तू आत्ताच केलीस.

खरी खूण तिसऱ्या ओळीतल्या ‘भरला तैसा’ या दोन शब्दांत आहे. ती बदलून पाहा. त्याऐवजी ‘रिकामाच मग’ असं घाल. वृत्त कायम राहतं, पण कविता पालटते. टँकर गावात रिकामा झाला, म्हणजे लोकांना पाणी मिळालं. फोटोची हौस थोडी डोळ्यांत येते, पण ‘माया’ हा शब्द आता सरळ अर्थानं चालतो. चौथी ओळ मात्र उघडी पडते, कारण रिकाम्या टँकरमधून सांडणार काय? म्हणजे चौथी ओळ ‘भरला तैसा’वरच उभी होती. उपरोधाचा संशय आला की एक तपशील असा काढून किंवा बदलून बघावा. कौतुक लगेच सरळ झालं, तर तोच तपशील कवीनं मुद्दाम ठेवलेला आहे आणि रसग्रहणात त्याचंच नाव घेऊन लिहायचं.

इथपर्यंत आलेली मुलंही पुढे एक चूक करतात. उपरोध कळला की ते शब्द उलटवतात. माया म्हटलंय, म्हणजे साहेब निर्दय. काळजी म्हटलंय, म्हणजे साहेब बेफिकीर. असं लिहिलंस तर अर्धेच गुण मिळतील आणि तेवढेच मिळायला हवेत. चौथी ओळ पुन्हा वाच. साहेबांना काळजी आहेच. ती थेंबाची आहे, वाटेवर सांडू नये याची आहे, तहानलेल्याची नाही. या ओळींचा रोख निर्दयपणावर नाही, दिखाऊपणावर आहे: पाण्यापेक्षा पाण्याचा फोटो मोठा झाला, यावर. म्हटलेलं आणि मनातलं यांच्यातलं अंतर बहुधा थेट दक्षिण-उत्तर नसतं, थोडं तिरकं असतं. ते नेमकं कोणत्या दिशेला जातं, हे सांगणं म्हणजेच रसग्रहण. ‘येथे व्याजस्तुती अलंकार आहे’ एवढंच लिहून थांबलीस, तर नाव सांगितलंस, वाचन केलं नाहीस.

दुसरी चूक याच्या उलटी. कवितेत राग दिसला की मुलं उपरोध लिहून मोकळी होतात. याच गावकऱ्यानं ‘साहेब आले, फोटो काढला आणि आमच्या तोंडचं पाणी पळवून नेलं’ असं म्हटलं असतं, तर ती टीका झाली असती, जोरकस आणि न्याय्य. पण तिथे बोलणं आणि मनातलं एकच आहे. अंतर नाही तिथे उपरोध नाही.

आता आपल्या गावाकडे ये. रामदास फुटाणे जामखेडचे, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी चित्रकलेचे शिक्षक म्हणून काम केलं. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’ चित्रपटाचे ते निर्माते. राजकारणावरच्या आपल्या कवितेला ते भाष्यकविता म्हणतात, आणि ती त्यांनी गावोगावच्या मंचांवरून म्हटली. त्यांच्या एका संग्रहाचं नाव आहे ‘भारत कधी कधी माझा देश आहे’. कवितेपर्यंत न जाता मी तुला या नावापाशीच बसवणार आहे, कारण इतक्या कमी शब्दांत इतकं अंतर मराठीत क्वचित सापडतं.

यातलं मूळ वाक्य तुझ्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेलं असायचं. शाळेत रोज सकाळी हात पुढे करून तू ते म्हटलं आहेस. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ही प्रतिज्ञा 1962 साली तेलुगूत लिहिली आणि मग ती देशभरच्या शाळांत गेली. प्रतिज्ञेला अट नसते. फुटाण्यांनी वाक्याचा एकही शब्द काढला नाही, उलटवला नाही. मधे फक्त ‘कधी कधी’ बसवलं. शब्दशः घे बरं. देश काही वारानुसार आपला-परका होत नाही, म्हणजे अर्थ इथे अडला. अडला की विचारायचं: मग कधी आहे आणि कधी नाही?

इथे वाट दुभंगते. ‘माझा’वर बोट ठेवलंस तर रोख म्हणणाऱ्यावर येतो: पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, क्रिकेटच्या सामन्याला देश माझा, कर भरताना, रांगेत उभं राहताना नाही. ‘देश’वर बोट ठेवलंस तर रोख कारभाऱ्यांवर जातो: मत मागायला येतात तेव्हा हा देश सामान्य माणसाचा, एरवी त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते दोन्ही वाचनं टिकतात, आणि एकच बरोबर म्हणून दुसरं पुसणं चूक ठरेल. प्रतिज्ञा प्रथमपुरुषी आहे, त्यामुळे वाचणारा स्वतः ते वाक्य उच्चारतो आणि दोष कुणा दुसऱ्यावर ढकलून सुटू शकत नाही. ‘कधी कधी’च्या जागी ‘नाही’ असतं तर ती तक्रार झाली असती आणि एका दमात संपली असती. प्रतिज्ञेचा घाट राखल्यामुळेच म्हणायचं काय होतं आणि म्हटलं काय गेलं, हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. आणि हे ऐकू येण्यासाठी मूळ प्रतिज्ञा पाठ असावी लागते. ती कधीच न म्हटलेल्या माणसाला हे नाव नुसतं विचित्र वाटेल.

यातून तुझ्या मनात एक शंका येईल: सगळी खूण कवितेतच असते, असं मामा म्हणाला, आणि इथे तर बाहेरचं माहीत असावं लागतं. शंका बरोबर आहे. मम्मटाच्या काव्यप्रकाशात याचं जुनं उदाहरण आहे. एक माणूस मित्राला म्हणतो, तू माझ्यावर फार उपकार केलेस, केवढा सज्जनपणा दाखवलास, असाच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखानं जग. श्लोकात एवढंच. त्यात विसंगत असं काहीच नाही. तो अपकार करणाऱ्याला उद्देशून आहे आणि अर्थ विपरीत लक्षणेनं घ्यायचा, हे मम्मटाला श्लोकाखाली वेगळं सांगावं लागलं. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही आधीची हकीकत ठाऊक होती, आपल्याला नव्हती. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं लिहिलेल्या ‘झेंडूची फुले’चंही तसंच आहे: ज्या कवींच्या शैलीचं त्यात विडंबन आहे, त्यांच्या कविता आधी वाचल्याशिवाय टोचणी कळत नाही.

म्हणून कवितेतला तपशील अडत नसेल, तर पुढचा प्रश्न विचार: कवीच्या काळच्या वाचकाला असं काय ठाऊक होतं, ज्यामुळे हे कौतुक अडलं असतं? ‘त्या काळच्या वाचकाला’ हे विसरू नकोस. जुन्या काव्यात एखाद्या सरदाराची स्तुती असते आणि आज आपल्याला त्याची करणी खटकते. ते खटकणं आपलं आहे. कवीनं स्तुती मनापासून केली असेल, तर तिथे उपरोध शोधणं हा त्याच्यावर अन्याय होईल. कुठलाही पुरावा न देता उपरोध चिकटवणं हा न ओळखण्याइतकाच मोठा दोष मी मानतो.

तुझ्या कवितेत आता हेच कर. शेरे एकीकडे, घटना दुसरीकडे. कौतुक अडतं ती ओळ शोध, तिथला एक तपशील बदलून बघ, आणि मग अंतर कोणत्या दिशेला जातं ते तुझ्या शब्दांत लिही. घटनाच सापडल्या नाहीत, नुसते शेरेच निघाले, तर त्या कवीच्या काळाबद्दल सरांना विचार.

संमेलनात ती कविता म्हणणार आहेस असंही लिहिलंस. कौतुकाचे शब्द खऱ्या कौतुकानंच म्हण. डोळा मिचकावू नकोस, ‘काळजी’वर आवाज वाकडा करू नकोस, तसं केलंस की अंतर तू आधीच भरून टाकतेस आणि ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. जोर द्यायचाच तर घटनेच्या शब्दावर दे. माझ्या ओळींत तो ‘भरला’वर येईल. तिथे क्षणभर थांब, पुढची ओळ त्याच प्रेमळ सुरात म्हण.

रसग्रहणाचा कच्चा मसुदा झाला की पाठव, मी समासात खुणा करून परत धाडीन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा